नमुने मोफत, तांत्रिक मदत जागेवर

ते पत्र मी लिहिलं. वडिलांनी नाही, आप्पांनी तर नाहीच. पुढं जे झालं त्याचा दोष वाटून घ्यायचा म्हटलं तरी पत्रातली प्रत्येक ओळ माझी होती, आणि त्यातल्या दोन ओळी मला झेपणार नव्हत्या.

उमरग्यात हायवेला लागून आमचं सिमेंट, लोखंड आणि वाळूचं दुकान होतं. मी उस्मानाबादच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा करून घरी आले, तेव्हा दुकानाला उतरती कळा लागली होती. सोलापूरचे मोठे डीलर ट्रक थेट साइटवर उतरवू लागले होते. वडील दिवसभर गादीवर बसून पेपर वाचायचे. नोकरी मला मिळत नव्हती. दोन ठिकाणी बोलावलं आणि साइटवर मुलगी नको म्हणून परत पाठवलं. मग मी वडिलांच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले.

त्याच वर्षी रस्ता रुंद करायला निजामाच्या काळातल्या डाकबंगल्याचं मागचं अंग पाडायला काढलं. दुकानातून ते दिसायचं. मजूर पहार मारायचे आणि पहार मागं उडायची. मी सहज म्हणून बघायला गेले, तर तिथं एक म्हातारा गवंडी मातीत बसून गिलाव्याचा तुकडा हातात फिरवत होता. गावातले सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. वय पंचाहत्तरीच्या पुढचं. घरात कन्नड बोलायचे, बाहेर आमच्यासारखं मराठी, आणि कामाची गोष्ट निघाली की निम्मे शब्द उर्दू.

"अक्का, ह्यो माल आमी मळलाय," ते मला म्हणाले. "माझा बाप आन् म्या."

तुकड्याची एक बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. साठ वर्षांच्या आसपासचा पाऊस, ऊन, गुरांच्या अंगाचा घासा खाऊनही तिच्यावर ओरखडा नव्हता. मी विचारलं, सिमेंट किती घातलं होतं? आप्पा हसले. सिमेंट तेव्हा कुठलं? कळीचा चुना, सुरखी म्हणजे विटेची पूड, वाळू, हिरड्याचं पाणी आणि गूळ.

पुढं कित्येक दुपारी ते दुकानात येऊन बसायचे आणि ते दिवस सांगायचे. त्यांच्या विशीच्या आतबाहेरचा काळ होता तो. दुसरं महायुद्ध चालू होतं, लोखंड मिळत नव्हतं, आणि निजाम सरकारचं बांधकाम खातं, ज्याला ते तामिरात म्हणायचे, पूल आणि बंगल्यांची कामं चुन्यातच करून घ्यायचं. चुना विरवून हौदात भरला की वर चार बोटं पाणी ठेवायचं. मग तामिरातचा दरोगा यायचा, हौदावर फळ्या टाकून दोरी बांधायचा आणि गाठीवर लाखेची मोहर लावायचा. तीन महिने कुणी हात लावायचा नाही.

"एकदा माझ्या बापानं लवकर उघडला," आप्पा म्हणाले. "मुकादमानं घाई केली म्हणून. दरोग्यानं अख्खी भित्त पाडाय लावली. बाप रडला न्हाय, पर दोन दिस जेवला न्हाय. मला म्हनला, चुन्याला घाई कळत न्हाय रं. तो आपल्या टायमालाच पिकतो."

ऐकता ऐकता माझ्या डोक्यात धंदा आला. पुण्या-मुंबईकडच्या मासिकांत चुन्याच्या भिंतींचे फोटो यायला लागले होते. आर्किटेक्ट लोक राजस्थानातून कारागीर आणत होते. आणि इथं ज्यानं हे काम हाताने केलंय तो माणूस आमच्या बाकावर चहा पीत होता.

वडील म्हणाले, "कर काय करायचं ते. नाहीतरी बसूनच आहोत."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत आम्ही दोन हौद बांधले. कळीचा चुना सीमेपलीकडच्या भट्टीवरून ट्रकनं यायचा. बैलाच्या घाण्याऐवजी मळायला विजेची चक्की घेतली. आप्पांनी चुना पाण्यात सोडला तेव्हा हौद उकळल्यासारखा खदखदला आणि आम्ही मागं सरलो. ते मात्र काठावर बसून लांब दांड्यानं ढवळत राहिले. उकळी थांबली की ते पाणी बारीक जाळीतून गाळून हौदाच्या दुसऱ्या कप्प्यात घ्यायचं. जाळीवर जे खडे राहतील ते फेकून द्यायचे.

"ह्ये जास्त भाजलेले खडे," त्यांनी मला एक दाखवला. "आत्ता इरत न्हायत. मागनं इरत्यात. भित्तीत गेले तर सा म्हयन्यानं पानी पिऊन फुगत्यात आन् गिलावा फोडून भायेर येत्यात. म्हनून जाळी आन् म्हनून तीन म्हयने."

मी हे वहीत लिहून घेतलं. माझ्या अक्षरात ते आजही आहे.

माल विकायचा कुणाला? उमरग्यात कोण घेणार? बसस्टँडसमोर नवीन इंटरनेट कॅफे निघाला होता. तिथं बसून मी आर्किटेक्ट आणि इंटिरिअर डिझायनर लोकांचे पत्ते गोळा केले, काही मासिकांच्या मागच्या पानांवरून, काही त्यांच्या वेबसाइटवरून. सोलापूर, पुणे, औरंगाबाद, हैदराबाद. पहिलं पत्र मी दोन पानी लिहिलं. चुन्याचा इतिहास, आमच्या दुकानाचा इतिहास, वडिलांची सचोटी. सगळे पत्ते एकाच ओळीत टाकले आणि एकदम पाठवून दिलं.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी एक उत्तर आलं. औरंगाबादच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं की तुम्ही आम्हा सगळ्यांचे पत्ते एकमेकांना वाटले आहेत, कृपया माझा पत्ता काढून टाका. कॅफेत बसल्या बसल्या माझे कान तापले. कुणी ओरडलं नव्हतं, पण भर दुकानात ओरडावं तसं वाटलं.

मग मी शिकले. एकेकाला वेगळं पत्र. पहिल्या ओळीत त्या माणसाचं एखादं काम, जे मी खरोखर पाहिलंय. मग आमचा माल एका वाक्यात. मग तीन गोष्टी: एक फूट बाय एक फूट आकाराचे तीन नमुने मोफत पाठवू, साधा, दाणेदार आणि घोटलेला. मिश्रणाचा आणि थरांचा कागद सोबत देऊ, कुठं वापरू नये तेही त्यात असेल. आणि तुमच्या साइटवर आमचा तज्ज्ञ येऊन तुमच्या गवंड्यांना शिकवेल. शेवटी फक्त एवढंच की नमुने कुठल्या पत्त्यावर पाठवू.

पत्र बरं झालं होतं. इतकंच असतं तर चाललं असतं. पण वाचून बघताना मला ते कमजोर वाटलं. एका बारक्या गावातलं एक दुकान आणि एक म्हातारा, असं ते दिसायला नको होतं. म्हणून मी दोन ओळी घातल्या. "तीन महिने मुरवलेला माल कायम तयार असतो." आणि "आमची तांत्रिक तुकडी चोवीस तासांत जागेवर पोहोचेल."

तुकडी म्हणजे आप्पा. माल म्हणजे दोन हौद, त्यातला एक भरलेला आणि दुसरा अजून रिकामाच.

या पत्राला उत्तरं आली. फार नाही, पण आली. बहुतेकांनी नमुने मागवले आणि पुढं काही कळवलं नाही. भाजक्या मातीच्या लादीवर आप्पा स्वतः नमुना चढवायचे, अकीकाच्या गुळगुळीत दगडी गोट्यानं घोटायचे, ओल्या गोणपाटाखाली सात दिवस ठेवायचे. मी भुशात बांधून कुरिअर करायचे. एका खोक्यातले तिन्ही नमुने पुण्यात फुटून पोहोचले. ते ज्या आर्किटेक्टकडं पोहोचले त्यांनी फोन केला. बाईमाणूस, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "फुटलेत, पण फुटलेली कड बघून मला थर समजले. उस्मानाबादला एक डोळ्यांचं हॉस्पिटल करतेय मी. बसायच्या हॉलच्या भिंती आणि छत चुन्यात करायचंय. तुमचा माणूस भिंतीवर एक नमुना करून दाखवेल का?"

उस्मानाबाद म्हणजे आमच्यापासून एसटीनं अडीच-तीन तास. मी हो म्हणाले. आप्पांना सांगितलं. बापाची भिंत पाडायला लावणारा दरोगा त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

"सरकारी काम हाय?"

"न्हाय आप्पा, डॉक्टरचं. खासगी."

"मग येतो."

नमुन्याच्या भिंतीचा तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होता. विटेच्या कच्च्या भिंतीवर चार फुटांचा चौकोन. आप्पांनी आधी भिंतीला पाणी पाजलं, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळीही. ठेकेदाराचे गवंडी भोवती उभे होते. आर्किटेक्ट बाई प्रश्न विचारत होत्या, मी उत्तरं देत होते आणि अडलं की आप्पांकडं बघत होते. सिमेंटच्या गिलाव्यावर चढेल का? धरेल, पण टाचे मारून तो खडबडीत करावा लागेल, आणि भिंतीचा श्वास कोंडेल. वर ऑइलपेंट चालेल का? नाही. दोन थरांत किती दिवस? पहिला थर बोटानं दाबला आणि ठसा उठला नाही की दुसरा. एसी लावून वाळवलं तर?

आप्पांना एसी म्हणजे काय ते मी समजावलं. ते म्हणाले, "वारा दिला की भेगा पडणार. चुना सावकाश वाळला पाहिजे."

बाईंनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. निघताना आप्पांना म्हणाल्या, "तुम्ही कामावर राहणार ना? तुम्ही असाल तरच मी हे करीन."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तेवढ्यावर त्यांचे दीड महिने ठरले. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

काम सुरू झालं. आप्पा साइटवरच एका खोलीत राहू लागले. परातीपाशी उभे राहून मालाची परीक्षा, परांचीवर चढून कोपरे, संध्याकाळी गोणपाट ओले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. मी आठवड्यातून दोनदा माल घेऊन टेम्पोनं जायचे, तेव्हा दर खेपेला ते थोडे वाळलेले दिसायचे. विचारलं तर म्हणायचे, "काम चांगलं चाललंय, अक्का. ही पोरं शिकत्यात."

भिंती झाल्या आणि पहिला हौद संपला. छत राहिलं होतं, आणि उद्घाटनाच्या पत्रिका छापल्या होत्या. दुसरा हौद भरून बावीस दिवस झाले होते.

आर्किटेक्ट बाईंचा ईमेल आला. "छताचा माल सोमवारपर्यंत लागेल. तुमच्याकडं तयार साठा असतो असं तुम्ही लिहिलंच होतं, म्हणून मी ठेकेदाराला तारीख दिली आहे."

मी कॅफेत त्या ओळीसमोर बसून राहिले. उत्तरात एवढंच लिहायचं होतं की साठा संपलाय, दोन महिने थांबावं लागेल, किंवा छत दुसऱ्या कशात करा. एका वाक्याचं काम होतं. मला ते लिहिता आलं नाही. हे काम म्हणजे आमचं पहिलं, आणि त्या बाई बोलल्या तर पुण्यातले आणखी दहा जण आमच्याकडं येणार होते. मी लिहिलं, "सोमवारी सकाळी माल पोहोचेल."

दुसरा हौद भरताना आप्पा साइटवर होते. तो मी आणि आमच्या दोन हमालांनी भरला होता. बारीक जाळी सारखी तुंबायची म्हणून मी मोठी लावली होती. खडे मुरतील पुढच्या तीन महिन्यांत, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आता तीन महिने नव्हते. जाळी मात्र मोठीच होती. हे मला माहीत होतं. विसरले होते असं मी म्हणू शकत नाही.

सोमवारी टेम्पो साइटवर लागला. आप्पांनी पिंपात हात घातला, माल बोटांत घेऊन अंगठ्यावर घासला. मी टेम्पोच्या फाळक्याला धरून उभी होते.

"हा कोणत्या हौदाचा?"

"जुन्याच्या तळाचा, आप्पा. राहिला होता."

त्यांनी परत घासला. मग माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूनं धुरकट झाले होते. त्यांना काय दिसलं ते मला कधी कळलं नाही.

"बरं," ते म्हणाले आणि पिंप खाली घ्यायला सांगितलं.

उद्घाटन झालं. हॉल फार सुंदर दिसत होता. पांढरा नव्हे, सायीसारखा. भिंतीवर उजेड पडला की आतून आल्यासारखा वाटायचा. डॉक्टरांनी आप्पांना शाल घातली. आप्पांना शाल कुठल्या खांद्यावर घ्यायची ते समजेना, तेव्हा आर्किटेक्ट बाईंनीच ती नीट केली. त्याच आठवड्यात मला हैदराबादच्या एका इंटिरिअर डिझायनरचं पत्र आलं की त्या बाईंकडून तुमचं ऐकलं, नमुने पाठवा. मी वडिलांना वाचून दाखवलं. वडिलांनी तिसरा हौद कुठं बांधायचा ते चुन्यानंच जमिनीवर आखलं.

पावसाळा संपता संपता ईमेल आला. पत्रात मजकूर थोडा, पण सोबत पाच फोटो. कॅफेतल्या संथ लाइनीवर एकेक फोटो वरून खाली उघडत होता. छत. छतावर एक रुपयाएवढा खड्डा, मध्ये पांढरा ठिपका. दुसऱ्या फोटोत तसे तीन. तिसऱ्यात मोजता येईनात. पाचव्या फोटोत बाकावर बसलेली एक म्हातारी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि तिच्या पदरावर गिलाव्याचे कण.

खाली लिहिलं होतं, "डॉक्टरांनी हॉल बंद केला आहे. एसीमुळे झालं का, हे तुमच्या तुकडीनं येऊन बघावं."

तिसरा फोटो उघडेपर्यंतच मला कळलं होतं. तरी मी आप्पांना घेऊन गेले. जाताना एसटीत त्यांना फक्त एवढंच म्हणाले की छताला काहीतरी झालंय.

हॉलमधले बाक काढले होते. मध्ये शिडी उभी होती. आर्किटेक्ट बाई, डॉक्टर आणि ठेकेदार. ठेकेदार म्हणत होता की एसी दिवसरात्र चालू असतो, म्हणूनच फुटलं. बाई म्हणाल्या, "एसीनं भेगा पडतात असं हेच सांगून गेले होते. या भेगा नाहीत, हे खड्डे आहेत. आप्पा, तुम्ही बघा."

आप्पा शिडी चढले. खाली मी शिडी धरली होती. त्यांनी एका खड्ड्यात नख घातलं आणि मधला पांढरा दाणा काढला. तळहातावर घेऊन खाली उतरले. दाणा चुरला तर पीठ झालं.

"एसीचं न्हाय," ते म्हणाले. "न इरलेला खडा हाय. माल पिकला नव्हता."

डॉक्टर म्हणाले, "पण तुमच्या पत्रात तीन महिन्यांचा माल असं लिहिलं होतं. मी ते पत्र वाचलंय. बाईंनी मला दाखवलं होतं."

सगळे माझ्याकडं बघत होते, कारण पत्र माझं होतं. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच संपलं असतं. माझ्या जिभेवर वाक्य होतं. बावीस दिवसांचा माल होता, जाळी मोठी होती, मी पाठवला.

"पत्रात बरुबर लिवलंय," आप्पा म्हणाले. "पोरीनं चांगला माल दिला. हितं ठेवला तेव्हा म्या गाळून घ्याया पायजे व्हता, तो घेतला न्हाय. म्या घाई केली. चूक माझी."

मी गप्प राहिले.

तो क्षण काही मोठा नव्हता. चार-पाच श्वास. नंतर ठेकेदारानं बोलायला सुरुवात केली, वयाची गोष्ट काढली, म्हातारी माणसं परांचीवर आणू नयेत असं म्हणाला. डॉक्टरांनी त्याला थांबवलं, पण नाराजी त्यांच्याही चेहऱ्यावर होती. आर्किटेक्ट बाई आप्पांकडं पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "नक्की, आप्पा?"

"नक्की."

छत खरवडायचं ठरलं. वर जिप्समचा गिलावा होणार होता. भिंती ठीक होत्या, पण डॉक्टर म्हणाले की आता विश्वास राहिला नाही, त्याही काढा. मी म्हणू शकले असते की भिंतींचा माल वेगळा होता, पक्का होता, त्या शंभर वर्षं टिकतील. पण तसं म्हणायचं तर छताचा माल वेगळा का होता ते सांगावं लागलं असतं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. नळदुर्गपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "आप्पा, तुम्ही तसं का बोललात?"

"मग काय बोलायचं?"

"तुम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी पिंपात हात घातला तेव्हाच."

"हाताला कळलं व्हतं. पर तुमी जुना म्हनला. म्या म्हनलं, आपला हात म्हातारा झाला आसंल." पुढं म्हणाले, "म्या थांबवाया पायजे व्हतं. थांबवलं न्हाय. म्हंजी चूक माझीच की."

मी त्यांची माफी मागितली नाही. माफी मागितली असती तर मी काय केलं ते शब्दांत म्हणावं लागलं असतं, आणि गाडीत माणसं होती. असं कारण मी स्वतःला दिलं. उमरगा आलं. ते उतरले आणि स्टँडवरूनच गावाकडं वळले. दुकानात आले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. आठवडा गेला. मी घरी गेले तर सुनेनं सांगितलं की झोपलेत. परत गेले तेव्हा म्हणाली की रानात गेलेत. अंगणात त्यांच्या चपला होत्या.

मग मी आर्किटेक्ट बाईंना खरं लिहिलं. तेव्हा महिना उलटून गेला होता. सगळं लिहिलं, बावीस दिवस, जाळी, पत्रातल्या दोन ओळी. आप्पांचा काही दोष नाही, भिंती खरवडल्या नसतील तर कृपया ठेवा. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "भिंती त्याच आठवड्यात काढल्या. तुम्ही लिहिलंत हे बरं केलं. मला त्या दिवशीच वाटलं होतं, पण त्यांनी दोनदा सांगितल्यावर मी काय करणार? यापुढं मी कुणालाही तुमचं नाव सुचवू शकणार नाही, हे तुम्ही समजून घ्याल." खाली नेहमीसारखा त्यांच्या ऑफिसचा पत्ता होता.

मी ते पत्र छापून आप्पांकडं घेऊन गेले. या वेळी ते ओसरीवर बसले होते. मी वाचून दाखवलं. वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल.

"कशाला लिवलं?" ते म्हणाले. "माझं काम तर ऱ्हायलं न्हाय. आता तुमचं बी गेलं."

"पण तुमच्यावरचा ठपका तरी गेला ना, आप्पा."

"भित्ती हायत का?"

"न्हाईत."

"मग कशाचा ठपका आन् कशाचं काय." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "त्या भित्ती चांगल्या झाल्या व्हत्या, अक्का. बापानं केल्या नसत्या तशा झाल्या व्हत्या."

याच्यापुढं मला बसवेना. पाणीही न पिता मी निघाले.

हैदराबादच्या त्या डिझायनरनं तीन वेळा लिहिलं. नमुने कधी पाठवता, तुमचा तज्ज्ञ कधी येईल, त्यांच्या हॉटेलच्या साइटसाठी तातडीनं पाहिजे. दुसऱ्या हौदात उरलेला माल तोपर्यंत खरंच तीन महिन्यांच्या कितीतरी पुढं गेला होता, मऊ, लोण्यासारखा झाला होता. पण तो लावणार कोण? आणि शिकवणार कोण? मी तिसऱ्या पत्राला उत्तर दिलं की आमच्याकडं तांत्रिक मदत उपलब्ध नाही. माझ्या त्या सगळ्या पत्रांत तेवढं एकच वाक्य धडधडीत खरं होतं. हौदात हळूहळू पाणी आटलं आणि माल दगड झाला. वडिलांनी एकदा पहारीनं खणून बघितला आणि सोडून दिला. पुढं दोन वर्षांत दुकान विकलं.

आप्पा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेले. निरोप आला तेव्हा मी सोलापूरला एका बिल्डरकडं नोकरीला लागले होते. मी गेले तोपर्यंत सगळं उरकलं होतं. अंगणात सतरंजी टाकलेली, थोडी माणसं बसलेली. आप्पांचा मुलगाही गवंडीच होता, सिमेंटची कामं करायचा. तो माझ्याजवळ येऊन बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, एक विचारू का? लोक म्हनत्यात, माझ्या बापानं त्या डोळ्याच्या दवाखान्याचं छत नासवलं. त्यानंतर मलाबी दोन कामं मिळाली न्हायत. बापाला विचारलं तर म्हनायचा, व्हय, नासवलं. खरंय का?"

"न्हाय," मी म्हणाले. "मी नासवलं. न मुरलेला माल मी पाठवला होता. त्यांना खोटं सांगितलं होतं."

तो माझ्याकडं बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मंग तवा बोलला का न्हाईत?"

तो थोडा वेळ थांबला, उत्तर येईल म्हणून. मग उठला आणि नव्यानं आलेल्या माणसांसाठी पाणी आणायला आत गेला.